पॅड की कप? सोलापूरच्या उन्हात निवड कशी करायची

मेडिकलमध्ये पॅडचं पाकीट मागायची एक ठरलेली रीत आहे. बाई काउंटरवरची गर्दी ओसरायची वाट बघते, हळूच नाव सांगते, आणि मी पाकीट काढेपर्यंत आमचा पोरगा रद्दी पेपर आणि काळी पिशवी घेऊन तयार असतो. पाकिटावर काय छापलंय हे वाचायच्या आधीच ते गुंडाळलं जातं. मग पुढच्या महिन्यात तीच बाई विचारते, "ताई, ह्याच्यापेक्षा चांगलं काही आहे का?"

या प्रश्नाला नुसत्या ब्रँडच्या नावानं उत्तर देता येत नाही. अंगावरून किती जातं, डाग नेमका कुठे पडतो आणि कातडीला काय होतं, या तीन गोष्टी कळल्या तर निवड बरीचशी आपोआप होते. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी काय करायचं तिथून सुरुवात करते. माझी भाची शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसते. आठ तास बसून काम, डोक्यावर पत्रा, आणि एप्रिल-मे महिन्यातलं सोलापूर. तिचं उदाहरण सगळीकडे घेते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणींची अडचण तीच असते.

आधी एका पाळीचा हिशेब

मोबाइलमध्ये किंवा कॅलेंडरच्या मागे लिहा. पॅड बदलताना तो किती भरला हे पाहायचं आणि तीनपैकी एक गुण द्यायचा. नुसता डाग असेल तर 1, साधारण अर्धा भरला असेल तर 5, आणि पूर्ण भिजला असेल तर 20. ही पद्धत 1990 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मांडली आणि स्त्रीरोगतज्ज्ञ आजही ती वापरतात. पूर्ण पाळीची बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव साधारण 80 मिलिलिटरपेक्षा जास्त असावा असा अंदाज बांधतात, आणि तो जास्तच समजला जातो. बहुतेकींचा याच्या निम्म्याच्या आसपास असतो. पद्धत निघाली त्या काळचे पॅड वेगळे होते, म्हणून आकडा ढोबळच धरा. मात्र हिशेबाच्या महिन्यात एकाच प्रकारचे पॅड वापरा, नाहीतर गुणांना अर्थ राहत नाही.

भाचीचा हिशेब असा निघाला. पहिल्या दिवशी दोन डागाचे आणि दोन अर्धे, म्हणजे 12. दुसऱ्या दिवशी तीन पूर्ण भिजलेले आणि एक अर्धा, 65. तिसऱ्या दिवशी एक पूर्ण आणि तीन अर्धे, 35. चौथ्या दिवशी 3, पाचव्या दिवशी 2. बेरीज 117.

तिला वाटत होतं की आपल्याला नेहमीसारखंच जातं, कारण घरात आईला आणि आजीलाही तसंच जायचं. मी तिला पॅड दाखवायच्या आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन 12 च्या बरंच खाली आलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील किंवा पाळी आठ दिवसांच्या वर लांबत असेल, तर जास्त शोषणारा पॅड घेऊन ती गोष्ट झाकू नका. आधी तपासून घ्या.

या हिशेबाचा दुसरा फायदा खरेदीत दिसतो. भाचीला मोठ्या पॅडची गरज दीड दिवसच होती. उरलेल्या दिवसांत तेच जाड पॅड ती उन्हात विनाकारण बाळगत होती. दोन आकारांची दोन पाकिटं घेतली तर ती दोन-तीन महिने पुरतात, आणि खर्च वाढण्याऐवजी कमीच होतो.

डाग कुठे पडतो ते बघा

गळलं की बायका लगेच "जास्त शोषणारा द्या" म्हणतात. वापरलेला पॅड फेकायच्या आधी एकदा नीट बघा. मधला भाग भरलाय आणि दोन्ही टोकं पांढरी आहेत, तरी कपड्याला डाग लागलाय, तर शोषणशक्ती कमी पडलेली नाही. पॅडमध्ये जागा शिल्लक होती, रक्त तिथवर पोचलंच नाही. एक तर वरचा थर हळू ओढून घेतोय, नाहीतर पॅड जागचा हलतोय. अशा वेळी ढिली चड्डी हे कारण फार वेळा निघतं. पंखवाला पॅड आणि अंगाला बसणारी सुती चड्डी एवढ्यानं काम होतं.

रात्री पाठीमागे डाग पडत असेल तर लांबी वाढवा, जाडी नको. नेहमीचा पॅड साधारण 230-240 मिलिमीटर, एक्सएल 280 च्या आसपास, आणि एक्सएक्सएल 320 च्या. पण प्रत्येक कंपनीचं एक्सएल वेगळं असतं, म्हणून अक्षरांपेक्षा पाकिटावरचा मिलिमीटरचा आकडा वाचा. पॅड टोकापासून टोकापर्यंत खरोखर भिजून गळत असेल, तेव्हाच जास्त शोषणारा घ्या.

दोन पॅडची परीक्षा, स्वयंपाकघरात

पॅडच्या आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात पसरलेली बारीक पावडर असते. ही पावडर ओली झाली की फुगून जेलीसारखी होते. साध्या पाण्यात ती प्रचंड फुगते, खारट पाण्यात खूपच कमी. रक्त खारट असतं, म्हणून पॅडवर नळाचं पाणी ओतून केलेली कुठलीही तुलना फसवी ठरते. जाहिरातीतलं निळं पाणी बघून तर काहीच ठरवू नका.

पेलाभर पाण्यात, म्हणजे साधारण 200 मिलिलिटरमध्ये, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा मीठ विरघळवा. दिसायला सोपं जावं म्हणून थोडं कुंकू किंवा खायचा रंग टाका. खोकल्याच्या औषधाचं 5 मिलिलिटरचं टोपण घ्या. पॅड सपाट ठेवून बरोबर मध्ये एक टोपण हळूहळू ओता आणि पाणी दिसेनासं व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच मिनिटं थांबून दुसरं टोपण, पुन्हा पाच मिनिटांनी तिसरं. दहा मिनिटं गेली की वर कोरा टिश्यू पेपर ठेवा आणि त्यावर एक किलो साखरेची पिशवी पंधरा सेकंद ठेवून काढा.

टिश्यूवर उमटलेला ओला डाग हे खरं उत्तर आहे. बसल्यावर अंगाला किती ओल लागणार हे तोच सांगतो. शोषण भरपूर आणि टिश्यू मात्र ओलाचिंब, असेही पॅड निघतात. ते गळत नाहीत, पण कातडी खराब करतात. तिसऱ्या टोपणाला पाणी वर तळं करून राहिलं, तर तो पॅड पाळीच्या दुसऱ्या दिवसाला उपयोगाचा नाही. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षात तसेच येणार नाहीत. दोन पॅडमधला फरक मात्र स्पष्ट कळतो. एकेक पॅड वाया जातो, पण अख्खं पाकीट वाया जाण्यापेक्षा ते बरं.

"कॉटन" म्हणजे कापूस असेलच असं नाही

वरचा थर दोन प्रकारचा असतो. एक जाळीचा, ज्याला बायका "नेटवाला" म्हणतात. तो बारीक भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या फिल्मचा असतो. ओल पटकन खाली जाते, वरून कोरडं वाटतं, पण घाम आला की मांडीला चिकटतो. दुसरा मऊ कापडासारखा. त्यावर "कॉटनी" किंवा "सॉफ्ट" लिहिलेलं असलं तरी तो बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्याच तंतूंचा असतो.

खरं काय ते बघायला आपल्याकडचे सूतवाले जे करतात तेच करा. वरच्या थराचा बोटाएवढा तुकडा कापा, चिमट्यात धरून मोरीत जाळा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. प्लास्टिक असेल तर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी बनतो. प्लास्टिक निघालं म्हणून पॅड वाईट ठरत नाही, अनेकींना तोच सोसतो. पण "कॉटन"चे जादा पैसे दिले असतील तर आपण नक्की काय घेतलं हे कळायला हवं.

कापडी, धुऊन वापरायच्या पॅडबद्दल एक सांगते. नवा सोलापुरी टॉवेल पहिल्या दिवशी पाणी पुसतच नाही, दोन-तीन धुण्यांनंतर ओढायला लागतो. नव्या कापडी पॅडचं तसंच असतं. आधी दोन-तीनदा धुवा, मगच पाळीत वापरा आणि मगच मत बनवा. धुताना कपड्यांचा सुगंधी कंडिशनर टाकू नका, त्यानं शोषण कमी होतं. वाळवायला कडक ऊन लागतं, त्याची आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ती पाण्याची. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येत असेल तर दुसऱ्या दिवसाचे पॅड धुणं जड जातं, तेव्हा कापडी पॅड हलक्या दिवसांपुरते ठेवा.

पुरळ कुठे आलंय त्यावरून कारण

भाची माझ्याकडे आली ती खरं म्हणजे गळण्यासाठी नाही, जांघेतल्या चट्ट्यांसाठी. "मावशी, मला ह्या कंपनीची ॲलर्जी आहे," असं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. मी विचारलं, चट्टे कुठे आहेत? मांडीच्या आतल्या बाजूला, पॅडची कड लागते तिथे, दोन पट्ट्यांसारखे. म्हणजे काचलं होतं. जाड पॅड, घाम आणि सकाळी नऊला लावलेला पॅड दुपारी चारपर्यंत. ॲलर्जीचा त्यात संबंध दिसत नव्हता.

पॅड जिथे अंगाला लागतो तो सगळा भाग लाल होऊन आग होत असेल, आणि दर महिन्याला त्याच पॅडनं तसंच होत असेल, तर पॅडमधला एखादा पदार्थ सोसत नाही असं समजा. सुगंध हा पहिला संशयित, मग चिकटवायचा गोंद. सुगंधी पॅड सरळ बंद करा. तो वास काही कामाचा नाही, आणि वास येईपर्यंत पॅड ठेवायचाच नसतो. जांघेच्या घडीत गोल कडा असलेले, खाजणारे आणि पसरत जाणारे चट्टे बहुधा गजकर्णाचे असतात. दह्यासारखं पांढरं जात असेल आणि आतून खाज येत असेल तर तो बुरशीचा संसर्ग. या दोन्हींत पॅड बदलून काही होत नाही.

इथे काउंटरच्या या बाजूनं एक कळकळीचं सांगणं. खाजेवर "ती ट्यूब द्या" म्हणून स्टिरॉइड मिसळलेली मलमं नेऊ नका. दोन दिवस बरं वाटतं, गजकर्ण मात्र आत पसरतं आणि पुढे औषधाला दाद देत नाही. शिवाय जांघेची कातडी पातळ होते.

काचण्यावर उपाय साधा आहे. दर चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा, भरला नसला तरी. "बारा तास संरक्षण" हे गळण्याबद्दल लिहिलेलं असतं, तुमच्या कातडीबद्दल नाही. मांडीला व्हॅसलिनचा पातळ थर लावा, पण पॅडला लागू देऊ नका, कारण तेलकटपणामुळे पॅड ओल ओढत नाही. साबणानं रगडून धुऊ नका, साधं पाणी पुरतं. आणि एका महिन्यात एकच गोष्ट बदला. पॅड, चड्डी आणि साबण तिन्ही एकदम बदलले तर फरक कशानं पडला हे कळणार नाही. भाचीनं आधी फक्त वेळ बदलली, जेवणाच्या सुट्टीत एक पॅड जास्त. निम्मे चट्टे तेवढ्यानं गेले. पुढच्या पाळीत नेटऐवजी मऊ थराचा पातळ पॅड घेतला, तेव्हा उरलेले गेले.

पाकीट उलटं करून वाचा

काळी पिशवी येऊ द्या, पण आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, बनवल्याचा महिना, वापरायची मुदत आणि मिलिमीटरमधली लांबी एवढं दिसलंच पाहिजे. टाकून द्यायच्या पॅडसाठी भारतीय मानक आयएस 5405 आहे, धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस 17514. हा क्रमांक छापलेला असेल तर कंपनीला विचारायला आधार मिळतो. आठवडी बाजारात किलोवर मिळणारे, पत्ता नसलेले सुटे पॅड स्वस्त असले तरी घेऊ नका.

व्हिस्पर, स्टेफ्री, सोफी हे सगळीकडे मिळतात, आणि एकाच कंपनीचे नेटवाले आणि मऊ असे दोन्ही प्रकार असतात. त्यामुळे "मला अमुक ब्रँड सोसत नाही" म्हणण्याआधी त्यातला कुठला प्रकार वापरला ते आठवा. जनऔषधी केंद्रात "सुविधा" नावाचा पॅड 2019 पासून एक रुपयाला एक मिळतो. हलक्या आणि मध्यम दिवसांसाठी आधी त्याची मिठाच्या पाण्याची परीक्षा घ्या, पास झाला तर महाग का घ्यायचा? केळीच्या धाग्याचे पॅड अहमदाबादची साथी ही कंपनी करते, कापडी पॅड ऑरोव्हिलची इको फेम. बचत गटाचे पॅड घेताना बॅच नंबर आणि पॅकिंग बघा, आणि निर्जंतुक कसं करता हे खुशाल विचारा. चांगलं काम करणाऱ्या बायका अभिमानानं सांगतात.

"ऑरगॅनिक" या शब्दावर भाळू नका. 2022 मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं बाजारातले दहा पॅड तपासले, त्यात ऑरगॅनिक म्हणवणारेही होते, आणि थॅलेट नावाची रसायनं सगळ्यांत सापडली. त्यानं कुणाला काय झालं असं त्या तपासणीतून सिद्ध होत नाही. पण नुसत्या हिरव्या पाकिटानं काही शाबीत होत नाही, एवढं त्यातून कळतं.

कप कुणासाठी

कप म्हणजे योनीत घालायची मऊ वाटी, रक्त तिच्यात साठतं. ज्यांना पाळीच्या दुसऱ्या दिवशी दर तीन तासांनी उठणं जमत नाही आणि पॅडनं काचतं, त्यांना कप खरंच सुटका देतो. ओल कातडीला लागतच नाही. साधारण 20 ते 30 मिलिलिटर मावतं, आणि आठ तासांनी, फार तर बारा तासांनी रिकामा करायचा.

पदार्थ मेडिकल ग्रेड सिलिकॉन असा स्पष्ट लिहिलेला हवा, सोबत कपाची लांबी, व्यास आणि मिलिलिटर. सिरोना, सिल्की कप, शीकप, बूंद ही भारतातली नावं आहेत. ऑनलाइन शंभर रुपयांना बिननावाचा कप दिसला तर सोडून द्या. ही वस्तू आत राहणार आहे आणि वर्षानुवर्षं वापरायची आहे.

आकार फक्त बाळंतपणावरून ठरवू नका. पाळीच्या दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ धुऊन मधलं बोट आत घाला. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागेल ते गर्भाशयाचं तोंड. पहिल्या पेरापर्यंतच लागलं तर ते खाली आहे, तुम्हाला बुटका कप हवा. दुसऱ्या पेराजवळ लागलं तर मध्यम लांबीचा चालतो. बोट पूर्ण जाऊनही लागत नसेल तर लांब कप घ्या, नाहीतर काढताना हाताला येत नाही. नवशिकीला मध्यम कडकपणाचा बरा. फार मऊ कप आत नीट उघडत नाही आणि गळतो, फार कडक लघवीच्या पिशवीवर दाबतो.

घालताना कड आत दुमडून टोक निमुळतं करा, पाण्यानं ओलं करा, उकिडवं बसा आणि कमरेकडे, म्हणजे मागच्या दिशेनं सरकवा. आत गेल्यावर बुडाभोवती बोट फिरवा. घडी हाताला लागली तर कप उघडलेला नाही, तो गळणारच. काढताना नुसती दांडी ओढू नका. शौचाला जोर लावतो तसा जोर लावून कप खाली आणा, बूड चिमटीत दाबून हवा आत जाऊ द्या, मग हलवत काढा. "आत हरवला तर?" असं प्रत्येक जण विचारते. तो जाऊन जाऊन जाणार कुठे? पुढचं तोंड फार लहान असतं.

तांबी बसवली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप नको, काढताना तांबी ओढली जाऊ शकते. बाळंतपणानंतर सहा आठवडे, अंग बाहेर येत असेल तर, किंवा संसर्ग चालू असताना वापरू नका. लग्न न झालेल्या मुलींना सरळ सांगते, कपानं योनीपटल ताणलं किंवा फाटलं जाऊ शकतं. त्याला किती महत्त्व द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण माहीत असू द्या. कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, चक्कर आणि अंगावर लाल पुरळ आलं तर कप काढा आणि थेट दवाखाना गाठा. हे फार क्वचित होतं, पण थांबायची वेळ नसते.

पाण्याचं काय? पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप वेगळ्या पातेल्यात पाच ते दहा मिनिटं उकळायचा, एरवी बदलताना हात धुवायला आणि कप खळखळायला तांब्याभर पाणी पुरतं. पिंपात चार दिवस साठवलेलं पाणी नको, पिण्याचं घ्या. कोरडा करून सुती पिशवीत ठेवा, हवाबंद डबीत नाही.

भाचीच्या कारखान्यातल्या संडासात नळ आहे तो दाराबाहेर. तिथे कप काढणं तिला जमणार नाही, हे तिनंच सांगितलं. म्हणून ती रात्री आठला घरी कप घालते, सकाळी निघायच्या आधी रिकामा करून ठेवून देते, आणि दिवसा मऊ थराचा 280 चा पॅड लावते. पहिल्या पाळीत कप दोन रात्री गळला, घडी उघडत नव्हती. तिसऱ्या पाळीपर्यंत हात बसला, तोवर खाली एक पातळ पॅड ठेवायचा. आता दुसऱ्या रात्रीचं मोजमापही कपावरच्या मिलिलिटरच्या रेघांवरून करते, आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवायला नेते.